कार्यशाळेचा समारोप: शेवटची वीस मिनिटं आणि तीन मुद्दे

दिवसभराची कार्यशाळा संपत आली की क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो. पाहुण्यांचं मनोगत लांबतं, मग आभार, मग प्रमाणपत्रं, मग सामूहिक फोटो. त्यानंतर कुणीतरी माइक हातात घेऊन "तर आज आपण बरंच काही शिकलो" एवढंच म्हणतं, कारण लोक उठलेले असतात आणि कुणाला एसटी तर कुणाला धारा काढायची वेळ गाठायची असते. सहा तास मन लावून शिकवलेलं घरी किती पोहोचणार, हे या शेवटच्या वीस मिनिटांवर बरंच अवलंबून असतं. म्हणून समारोपाची तयारी कार्यशाळेच्या आमंत्रणापासूनच करावी लागते.

समारोप कसा बांधायचा ते एका नेमक्या उदाहरणावरून पाहू. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, लातूर भागातलं एखादं गाव, समाजमंदिरात भरलेली खरीपपूर्व सोयाबीन कार्यशाळा. समजा चाळीस शेतकरी आहेत, त्यांत बारा-पंधरा महिला. बहुतेकांकडे मागच्या हंगामातलं घरचं बियाणं आहे. तुम्ही कृषी सहाय्यक असाल, एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते असाल किंवा गावातलेच जाणकार शेतकरी असाल, समारोप तुम्हाला करायचा आहे.

तीन मुद्दे निवडायचे कसे

अशा कार्यशाळेत दिवसभरात आठ-नऊ विषय सहज होतात. वाणाची निवड, उगवणक्षमता, बीजप्रक्रिया, पेरणीची वेळ आणि खोली, रुंद वरंबा-सरी, खतं, तणनाशक, चक्रीभुंगा आणि खोडमाशी, शेवटी काढणी आणि साठवण. त्यांतले तीनच उचलायचे म्हटल्यावर प्रत्येक व्याख्यात्याला आपला विषय राहिला असं वाटतं. तिथे भिडस्तपणा करून उपयोग नाही. चौथा मुद्दा आला की पाचवा येतो आणि समारोप म्हणजे वेळापत्रकाचं वाचन होतं.

निवडीसाठी मी तीन प्रश्न वापरतो. ही गोष्ट माणसाला स्वतःच्या हाताने करता येण्यासारखी आहे का? ती येत्या दोन-तीन आठवड्यांत करायची आहे का? आणि ती चुकली तर हंगामात पुन्हा दुरुस्त करता येत नाही, असं आहे का? तिन्हींची उत्तरं "हो" असतील तरच मुद्दा समारोपात घ्यायचा.

या चाळणीत तणनाशक गळतं, कारण त्याला अजून वेळ आहे. चक्रीभुंगाही गळतो, कारण तो पीक उभं राहिल्यावरचा विषय आहे आणि त्यासाठी जुलैत पुन्हा बसता येईल. वाणाची निवड महत्त्वाची असली तरी मे अखेरीला बहुतेकांचं बियाणं घरात येऊन पडलेलं असतं. उरतात ते तीन विषय: उगवणक्षमता तपासणं, बीजप्रक्रियेचा क्रम आणि पेरणीला पुरेशा पावसाची वाट पाहणं. या तिन्हींत चूक झाली तर दुबार पेरणी ओढवू शकते, आणि दुबार पेरणीत बियाणं, मजुरी आणि हंगामाचे मोलाचे दिवस असं सगळंच जातं.

निवड झाली की गळालेल्या विषयांचं काय करायचं तेही ठरवून ठेवा. ते एका कागदावर छापून दुपारच्या चहाला वाटून टाका. समारोपात "बाकीचं कागदावर आहे" असं म्हणायचीसुद्धा गरज पडू नये.

मुद्दा लिहायचा कसा

"उगवणक्षमता चाचणीचे महत्त्व" हा मुद्दा नव्हे, ते प्रकरणाचं शीर्षक झालं. मुद्दा असा हवा की ऐकणाऱ्याला काय करायचं ते त्याच वाक्यात कळावं. वाक्य बोलीतलं हवं, एका दमात म्हणता येईल एवढं हवं आणि त्यात शक्यतो एखादा आकडा किंवा क्रम हवा, म्हणजे ते मनात धरून ठेवता येतं. आपल्या तीन विषयांची वाक्यं अशी होतील:

पहिलं, शंभर दाणे मोजा, सातव्या दिवशी कोंब मोजा.

दुसरं, आधी बुरशीनाशक, शेवटी जिवाणू.

तिसरं, पंच्याहत्तर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही.

प्रत्येक वाक्यामागचं कारण तुमच्याकडे तयार पाहिजे, कारण समारोपातही कुणीतरी "असं का" विचारणारच. पहिल्याचं कारण म्हणजे सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. मळणीयंत्राचा वेग जास्त असला, पोत्यांची थप्पी उंच लागली किंवा पोती आदळली, तरी आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा चांगलाच दिसतो. दुसऱ्याचं कारण असं की रायझोबियमसारखे जिवाणू जिवंत असतात. ते आधी लावून वर रसायन चढवलं किंवा बियाणं उन्हात वाळवलं तर ते मरतात, म्हणून ते सर्वांत शेवटी, पेरणीच्या काही तास आधी लावायचे आणि बियाणं सावलीत सुकवायचं. तिसऱ्याचं कारण सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पहिल्या सरीनंतर शेजाऱ्याची तिफण दिसली की धीर सुटतो. जमीन वरची दोन बोटंच ओली होते, दाणा फुगतो, मग पावसाचा खंड पडतो आणि फुगलेला दाणा जागेवरच मरतो.

प्रमाणं, म्हणजे कार्बोक्सिन अधिक थायरम किलोला ३ ग्रॅम आणि रायझोबियम दहा किलोला २५० ग्रॅम, ही कागदावर राहू द्या. समारोपात आकडे जितके जास्त, तितकं मुख्य वाक्य झाकलं जातं.

आभार आधी, समारोप नंतर

आपल्याकडे आभारप्रदर्शन सगळ्यांत शेवटी करायची पद्धत आहे. त्यामुळे लोकांच्या कानात शेवटी राहतात ती मंडप, माइक आणि चहावाल्यांची नावं. हा क्रम बदलायला यजमान सहसा तयार होतात, फक्त त्यांना तो सकाळीच सांगावा लागतो. पाहुण्यांचं मनोगत, आभार, प्रमाणपत्रं आणि फोटो हे सगळं दुपारच्या चहाच्या आधी उरकून घ्या. सरपंचांना वेळ नसेल तर ते आल्यावर लगेच बोलू द्या. चहानंतर एक छोटं सत्र आणि मग समारोप, एवढंच उरलं पाहिजे. राष्ट्रगीत किंवा पसायदान शेवटी असेल तर ते अगदी शेवटी असू द्या, त्याने काही बिघडत नाही.

संपण्याची वेळ सकाळीच जाहीर करा आणि ती पाळा. साडेचारला सोडतो म्हणालात तर समारोप चार वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला पाहिजे, आधीचं सत्र अर्धवट असलं तरी. उशिरा सुरू झालेला समारोप लोक घड्याळाकडे बघत ऐकतात, आणि महिला तर आधीच निघून गेलेल्या असतात. सोयाबीनच्या बाबतीत हे विशेष जपायला हवं, कारण घरचं बियाणं निवडणं, वाळवणं आणि त्याला औषध चोळणं ही कामं बऱ्याच घरांत बाईमाणसंच करतात.

पहिली आठ मिनिटं: लोकांकडून काढून घ्या

समारोपाची सुरुवात स्वतः उजळणी करून करू नका. तुम्ही तीन मुद्दे सांगितले की लोक मान डोलावतात आणि त्यांना खरंच वाटतं की आपल्याला सगळं आलं. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग इथे फार उपयोगी आहे. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्ट पुढे होते. आपल्या शेतकऱ्यालाही ही गोष्ट पाच मिनिटांनी नव्हे, दहा-पंधरा दिवसांनी आठवायची आहे.

म्हणून फळा पुसा, भिंतीवरचे तक्ते उलटे करा आणि म्हणा: "शेजारच्याकडे वळा. आज ऐकलेल्यातलं पेरणीआधी घरी काय काय करायचं, ते एकमेकांना सांगा. दोन मिनिटं." इथे "आज काय शिकलात" असा मोघम प्रश्न विचारू नका. तसं विचारलं की "खूप छान माहिती मिळाली" असंच उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही.

दोन मिनिटांनी उत्तरं गोळा करायला लागा, आणि सुरुवात मागच्या ओळीपासून करा. पुढच्या रांगेत बसलेला एखादा जाणकार सगळी उत्तरं द्यायला तयारच असतो. त्याला "काका, तुमचं शेवटी घेतो, राहिलेलं तुम्ही भरा" असं आधीच सांगून ठेवलं की त्याचाही मान राहतो. महिलांना आधी विचारा: "मावशी, बियाणं तुमच्या हाताखालून जातं, तुम्ही काय करणार?" उत्तर येईल ते फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहा. त्या "फडक्यात बांधून बघायचं" म्हणाल्या तर तेच लिहा, "उगवणक्षमता चाचणी" असं शुद्ध करून लिहू नका.

चुकीचं उत्तर आलं तर ते खरं म्हणजे लाखमोलाचं असतं. समजा एक दादा म्हणाले, "गुळाच्या पाण्यात औषध आन् जिवाणू सगळं एकत्र कालवून लावायचं." लगेच "चूक" म्हणू नका. बाकीच्यांना विचारा, "याला कुणाचं वेगळं म्हणणं आहे का?" बहुतेक वेळा कुणीतरी उठतंच: "जिवाणू मरत्याल की मग." कारणासकट दुरुस्ती लोकांतूनच आली की ती पक्की बसते. कुणीच उठलं नाही तर मात्र तुम्ही स्पष्ट सांगा आणि दुपारचं सत्र कुठे कमी पडलं तेही लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या गावात तेवढा भाग नीट घेता येईल.

सगळी उत्तरं फळ्यावर आली की त्यांतल्या तीनांभोवती गोल करा आणि तुमची ठरलेली तीन वाक्यं खडूने मोठ्या अक्षरांत लिहा. बहुतेक वेळा तिन्ही गोष्टी लोकांकडून आलेल्याच असतात. एखादी आली नसेल तर तेवढी तुम्ही घाला.

पुढची सात मिनिटं: पहिलं पाऊल तिथेच टाका

लोकांना उत्साहाने घरी पाठवायचं म्हणजे घोषणा द्यायला लावणं किंवा टाळ्या वाजवून घेणं, असा समज आहे. तो उत्साह समाजमंदिराच्या पायरीपर्यंतही टिकत नाही. माणसाच्या हातून कामाची सुरुवात झालेली असेल आणि ते पुरं करायला तो घरी निघालेला असेल, तर त्याची चालच वेगळी दिसते. म्हणून समारोपात तीनपैकी एक मुद्दा प्रत्यक्ष करून घ्यायचा. आपल्या उदाहरणात तो पहिला.

याची तयारी आमंत्रणात असते. निरोप देतानाच सांगायचं की येताना घरच्या बियाण्यातलं, औषध न लावलेलं, पसाभर सोयाबीन आणा, आणि ते पोत्याच्या वरून, मधून, खालून असं थोडं थोडं काढून आणा. तुम्ही आठ स्वच्छ धुतलेले गोणपाट आणायचे, हातभर लांबीचे तुकडे करून. दुपारच्या सुट्टीत ते पाण्यात भिजत घाला आणि समारोपाआधी पिळून ठेवा. गोणपाट ओला हवा, पण त्यातून पाणी गळता कामा नये. पाणी साचलं तर दाणे कुजतात आणि चांगलं बियाणंही नापास होतं.

चाळीस माणसांचे पाच-पाचचे आठ गट करा. प्रत्येक गटाने एकाचं बियाणं घ्यायचं. प्रत्येकाने वीस दाणे मोजायचे आणि गोणपाटावर दहा-दहाच्या दोन ओळी मांडायच्या, दोन दाण्यांत साधारण दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून. पाच जणांचे मिळून शंभर दाणे होतात. इथे गटांमधून फिरा आणि हातांकडे बघा. माणसाचा हात आपोआप टपोरे, गोल दाणे उचलतो आणि सुरकुतलेले बाजूला सारतो. निवडून मांडलेल्या शंभर दाण्यांतून उगवण खरी कळत नाही, पोत्यात आहे त्यापेक्षा ती जास्त दिसते. "डोळे मिटून घ्या, हाताला येईल तो दाणा ठेवा" एवढं म्हटलं की लोक हसतात आणि पुढच्या वेळी तसंच करतात.

दाणे मांडून झाले की वर दुसरा ओला तुकडा घालायचा, हलक्या हाताने गुंडाळी करायची आणि सुतळीने सैल बांधायची. गुंडाळीला चिठ्ठी लावायची: नाव, आजची तारीख, मोजायची तारीख. आज २५ मे असेल तर मोजायची तारीख १ जून. ज्याचं बियाणं त्याने गुंडाळी घरी न्यायची, सावलीत ठेवायची आणि गरजेप्रमाणे पाणी शिंपडायचं. बाकीच्यांनी रात्री घरी आपापल्या बियाण्याची तशीच गुंडाळी करायची. जमत असेल त्याने शंभर-शंभरच्या तीन कराव्यात आणि सरासरी काढावी.

मोजताना कोंब आणि मूळ दोन्ही धडधाकट असतील तोच दाणा उगवला म्हणायचा. फुगलेला, तुटका किंवा बुरशी आलेला धरायचा नाही. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलोचा नेहमीचा हिशेब. साठ उगवले तर एकरी ३५ किलो लागेल. साठाच्या खाली गेलं तर प्रमाण वाढवत बसण्यापेक्षा बियाणं बदललेलं बरं. १ जूनला हे कळलं तर पाऊस यायच्या आत दुसरं बियाणं बघायला अजून दिवस हातात असतात, आणि हीच गोष्ट समारोपात ठासून सांगायची.

तीन मिनिटं: कधी, कुठे, कोण

"करणार ना?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या एका लेखात मांडलं की नुसत्या इराद्यापेक्षा "अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन" असं ठरवलेलं काम पार पडायची शक्यता जास्त असते. गावात याचा सोपा वापर असा: प्रत्येकाने शेजाऱ्याला एक वाक्य सांगायचं. "आज रात्री जेवण झाल्यावर ओसरीत मी आन् पोरगी गुंडाळी बांधणार." "जिवाणूचं पाकीट सोमवारच्या बाजारातून आणणार आणि माठाजवळ ठेवणार." लिहून घ्यायची सक्ती नको. ज्यांना लिहायला अडचण आहे ते त्या क्षणी मागे सरकतात.

पावसाच्या मुद्द्यासाठी एक सोपी सोय सांगून टाका. तळापासून तोंडापर्यंत सारख्या रुंदीचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवायचा. सकाळी त्यात पट्टी बुडवून पाणी मोजायचं आणि ओतून टाकायचं. पट्टीवर एक सेंटिमीटर म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस. पेरणीआधीच्या दिवसांची बेरीज साडेसात सेंटिमीटर झाली आणि जमिनीत ओल खोल गेली की पेरायला निघायचं. गळ्याशी निमुळती होणारी कळशी किंवा वर पसरट असलेली बादली चालत नाही, हिशेब चुकतो. गल्लीत एका घरी डबा असला तरी पुरे, फक्त तो कुणी मोजायचा ते आत्ताच ठरवा.

शेवटची दोन मिनिटं: भाषण

आता तुम्ही बोलायचं, तेही उभं राहून आणि शक्यतो माइकशिवाय. चाळीस माणसांना आवाज पोहोचतो, आणि माइक खाली ठेवला की लोक आपोआप पुढे सरकतात. भाषण लिहून काढा, मोठ्याने म्हणून बघा आणि मग कागद खिशात ठेवा. उदाहरणादाखल हे एक घ्या:

"मंडळी, आता नवीन काही सांगत नाही. फळ्यावर तीन ओळी आहेत, त्या तुम्हीच सांगितल्यात. मागच्या रांगेतल्या मावशी म्हणाल्या, फडक्यात बांधून बघायचं. आपण ते इथंच सुरू केलंय. आठ गुंडाळ्या बांधल्यात, प्रत्येकीत शंभर दाणे. एक तारखेला सकाळी त्या उघडतील आणि कुणाचं बियाणं पेरायचं, कुणाचं बदलायचं ते कळंल. पाऊस यायच्या आधी कळंल, हे ध्यानात घ्या.

दुसरं, औषधाचा क्रम. आधी काय?" (लोक: "बुरशीनाशक!") "शेवटी काय?" (लोक: "जिवाणू!") "आणि सुकवायचं कुठं?" (लोक: "सावलीत!")

"तिसरं अवघड आहे. पहिला पाऊस पडंल, शेजारचा तिफण काढंल, तुमचाही पाय घरात ठरायचा नाही. त्या दिवशी डब्यात पट्टी घाला. पंच्याहत्तर भरलं नसंल तर शेजाऱ्यालाही डबा दाखवा.

एक तारखेला संध्याकाळी मी फोनवर आहे. मला फक्त आकडा कळवा, शंभरातले किती. चला, गुंडाळ्या उचला."

या भाषणात दिवसभराची स्तुती नाही, "आपण भाग्यवान आहोत" नाही आणि "एक राहिलंच सांगायचं" तर अजिबात नाही. नवी माहिती शेवटच्या दोन मिनिटांत आली की आधीच्या तीन गोष्टींवर ती चढते. लोकांच्या तोंडून उत्तरं फक्त दुसऱ्या मुद्द्यापाशी घेतली आहेत, कारण तिथे क्रम आहे आणि क्रम म्हणायला सोपा असतो. तिन्ही मुद्द्यांवर तसं केलं तर शाळेचा वर्ग वाटतो आणि मोठी माणसं गप्प होतात. शेवटचं वाक्य हे करायचं काम आहे. ते बोलून झालं की थांबा, "धन्यवाद" म्हणून पुन्हा बोलायला लागू नका.

अडचणी आल्या तर

वीस मिनिटांऐवजी आठच हातात उरली, तर भाषण अर्ध्यावर आणा आणि जोडीने आठवायचा भाग सोडून द्या, पण गुंडाळी बांधणं सोडू नका. पाचच उरली तर एका गुंडाळीचं प्रात्यक्षिक सगळ्यांसमोर करा आणि तीन वाक्यं म्हणून सोडा.

समारोपात कुणी पीकविम्याचा किंवा अनुदानाचा प्रश्न काढला, तर तो खरा आणि कळकळीचा असतो, पण त्याला उत्तर द्यायला लागलात की सभा तिकडेच जाते. "दादा, हा मोठा विषय आहे, सुटल्यावर मी दारापाशी थांबतो" म्हणा आणि खरंच थांबा.

पाहुणे उशिरा आले आणि त्यांना बोलायचंच असेल, तर त्यांना गुंडाळी बांधायला बसवा आणि पहिली गुंडाळी त्यांच्या हातून शेतकऱ्याला द्या. दोन वाक्यं तिथे बोलता येतात.

ही रीत सगळ्या कार्यशाळांना लागू पडत नाही. जिथे लोक वादाच्या विषयावर मतं मांडायला जमले आहेत, उदाहरणार्थ गावच्या पाण्याच्या वाटपावर, तिथे तीन वाक्यांत गुंडाळलं तर ज्यांचं म्हणणं राहिलं ते दुखावतात. तिथे काय ठरलं, काय ठरलं नाही आणि पुन्हा कधी बसायचं, एवढंच सांगून थांबावं.

सातव्या दिवशी

समारोप जमला की नाही हे टाळ्यांवरून कळत नाही. १ जूनला किती आकडे आले, त्यावरून कळतं. आठही गुंडाळ्यांचे आकडे यायला हवेत, आणि बाकी बत्तीस जणांपैकी दहा-बारा जणांनी घरी केलेल्या चाचणीचे आले तरी काम उत्तम झालं. फोन आला नाही त्यांना २ जूनला तुम्हीच लावा. "उघडलीच नाही" असं उत्तर आलं तर तारीख ठरली होती की नाही ते विचारा. "कुजलं" असं आलं तर गोणपाटात पाणी जास्त झालं असणार, अशांना त्याच दिवशी नव्या गोणपाटात पुन्हा शंभर दाणे घालायला सांगा. ९ जूनला पुन्हा मोजता येईल आणि तेव्हाही बहुधा पेरणीआधी दोन-चार दिवस हातात असतील.

आलेले आकडे गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका, पण फक्त बियाणं कुणाचं चांगलं निघालं ते नावासह आणि तेही त्यांना विचारून. ज्यांचं साठाच्या आत आलं त्यांना वेगळा फोन करा. गावात कुणाकडे ऐंशीच्या वर उगवणारं जादा बियाणं आहे ते त्यांना सांगा आणि दोघांची गाठ घालून द्या.